इंग्लंडमध्ये ‘पँट’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न: माझा मुलगा दीड महिन्यापूर्वी इंग्लंडमध्ये रेडिंग येथील एका कार्यालयात रुजू झाला. पावसात भिजून कामावर पोहोचल्यावर तो म्हणाला, ‘सॉरी, माय पँट इज कम्प्लीटली वेट.’ सगळे क्षणभर गप्प झाले आणि मग हसू दाबू लागले. बोल्टनहून आलेल्या एका सहकाऱ्याला मात्र त्यात हसण्यासारखे काहीच वाटले नाही. आपण कोल्हापुरात ‘पँट’ हा शब्द चुकीचा वापरतो का?

उत्तर: आपला वापर चुकीचा नाही. महाद्वार रोडवरील शिंप्याकडे ‘दोन पँटी शिवायला टाकल्या’ असे आपण म्हणतो, तेव्हा तो शब्द मराठीच असतो आणि त्याचा अर्थही पक्का असतो. अडचण अशी की दक्षिण इंग्लंडमध्ये ‘पँट्स’ म्हणजे आतली चड्डी, आणि आपण ज्याला पँट म्हणतो त्याला तिथे ‘ट्राउझर्स’ म्हणतात. त्यात ‘वेट’ हे विशेषण जोडले गेल्याने गोष्ट आणखी अवघड झाली, कारण ‘पँट्स वेट करणे’ हा इंग्रजीत लघवी आवरली न जाण्यासाठी रूढ असलेला वाक्प्रचार आहे. आपल्या मुलाच्या वाक्यात पावसाचा उल्लेखच नव्हता. ऐकणाऱ्यांच्या कानावर त्यामुळे असे काहीसे पडले, की नव्याने आलेला हा सहकारी आपली चड्डी पूर्ण ओली झाल्याचे भर कार्यालयात सांगतो आहे. त्यांची शांतता ही तुच्छतेची नव्हती. काय बोलावे हे न सुचल्याची होती.

या शब्दाचा प्रवास पाहिला म्हणजे हा घोळ कसा झाला ते कळते. इटलीतील जुन्या मुखवटानाट्यांत पांतालोने नावाचा व्हेनिसचा एक म्हातारा व्यापारी असे आणि त्याची विजार ठरावीक घाटाची असे. त्याच्या नावावरून युरोपात त्या विजारीला ‘पँटलून’ हे नाव पडले. आपल्या आजोबांच्या पिढीच्या तोंडी असलेला ‘पाटलोण’ हा शब्द याच घराण्यातला आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत ‘पँटलून्स’चे आखूड रूप ‘पँट्स’ झाले आणि ते बाहेरच्या विजारीसाठीच टिकले. ब्रिटनमध्ये मात्र त्याच शतकाच्या उत्तरार्धात तेच आखूड रूप आतल्या कपड्याकडे सरकले. अंगावर कपड्याची जागा तीच राहिली, फक्त शब्द एक थर आत गेला. आपल्याकडे ब्रिटिशांचे राज्य असूनही ‘पँट’चा अर्थ अमेरिकी अर्थाशी जुळतो, ही गोष्ट मला नेहमीच लक्षणीय वाटत आली आहे.

बोल्टनच्या सहकाऱ्याचे कोडे याच ठिकाणी सुटते. बोल्टन हे वायव्य इंग्लंडमधील, जुन्या लँकशायरातील गाव. मँचेस्टर, बोल्टन, प्रेस्टन या पट्ट्यात आजही पुष्कळ लोक बाहेरच्या विजारीला सरळ ‘पँट्स’ म्हणतात, आणि त्यावरून दक्षिणेकडील इंग्रज त्यांचीही थट्टा करतात. म्हणजे आपल्या मुलाचे वाक्य रेडिंगमध्ये अवघड वाटले, तरी मँचेस्टरच्या बऱ्याच कार्यालयांत ते कोणाच्या लक्षातही आले नसते. ‘ब्रिटिश इंग्रजी’ असे एकच नाव घेतले की हा फरक झाकला जातो, आणि बहुतेक तयार शब्दयाद्यांत तो सापडत नाही.

मराठीत याला अगदी जवळचे उदाहरण आहे. आपल्या भागातील जुनी माणसे ‘पोराला शाळेची खाकी चड्डी घेतली’ असे सहज म्हणतात. ती चड्डी बाहेर घालायची असते. शहरातील तरुण पिढीने तिला ‘हाफ पँट’ म्हणायला सुरुवात केली आणि तिच्या बोलण्यात ‘चड्डी’ केवळ आतल्या कपड्यापुरती उरली. एखाद्या नातवाला आजोबांचे ‘चड्डी घालून बाजारात गेलो’ हे वाक्य जसे खटकते, तसेच रेडिंगच्या लोकांना आपल्या मुलाचे वाक्य खटकले. विशेष म्हणजे ही चड्डी ब्रिटनमध्येही पोहोचली आहे. तेथील दक्षिण आशियाई कुटुंबांच्या बोलण्यातून ‘चडीज’ हे रूप रुळले आणि २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशात त्याची नोंद झाली.

आता व्यवहाराचे पाहू. दक्षिण इंग्लंडमध्ये ‘ट्राउझर्स’ हा शब्द कायम सुरक्षित आहे, आणि तो लँकशायरातही सर्वांना कळतो. तो नेहमी अनेकवचनी वापरायचा. आपण ‘माझी पँट’ असे एकवचनी स्त्रीलिंगी म्हणतो आणि त्याच सवयीने इंग्रजीतही ‘माय पँट इज’ असे तोंडून जाते. पण इंग्रजीत एकवचनी ‘पँट’ ऐकल्यावर धाप लागण्याचा शब्द आठवतो, त्यामुळे ऐकणारा आधीच गोंधळतो. त्या दिवशी ‘आय गॉट कॉट इन द रेन, माय ट्राउझर्स आर सोक्ड’ असे म्हटले असते, तर पाऊस आधी आला असता आणि गैरसमजाला जागाच उरली नसती. मात्र दुकानात ‘कार्गो पँट्स’ किंवा ‘योगा पँट्स’ अशी पाटी दिसली तर बिचकू नये. अशी जोडनावे अमेरिकी वळणाची असून दक्षिणेतही बाहेरच्या कपड्यासाठीच चालतात. अडचण होते ती नुसत्या ‘पँट्स’ची.

मुलाला आणखी एक उपयोग सांगून ठेवावा, कारण तो नवख्याला हमखास चकवतो. १९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये ‘पँट्स’ हे विशेषण म्हणून बोलीत आले आणि त्याचा अर्थ झाला ‘रद्दी’ किंवा ‘टाकाऊ’. ‘द फर्स्ट ड्राफ्ट इज अ बिट पँट्स’ असे कोणी म्हणाले, तर तो मसुद्याविषयी बोलतो आहे. कपड्याशी त्याचा काही संबंध नाही. हा शब्द सौम्य आहे, शिवी नाही. तरीही वरिष्ठांच्या कामाविषयी तो वापरू नये, आणि अमेरिकी सहकाऱ्यांपुढे तर वापरूच नये, कारण त्यांना तो बहुधा कळणार नाही.

‘व्हेस्ट’ या शब्दाचेही थर असेच बदलतात. ब्रिटनमध्ये तो बनियन असतो, तर अमेरिकेत सुटाच्या आत शर्टावर घालायचे बिनबाह्यांचे जाकीट. कार्यालयातील अमेरिकी पाहुणा ‘आय लाइक युअर व्हेस्ट’ म्हणाला, तर त्याला बनियन दिसलेले नसते.

आणि मुलगा सुट्टीवरून परतताना सहकाऱ्यांसाठी कोल्हापुरी चपला नेणार असेल, तर त्यांचे वर्णन करतानाही सांभाळावे. अंगठ्याजवळ पट्टा असलेल्या पादत्राणाला ऑस्ट्रेलियात ‘थाँग्ज’ म्हणतात, पण ब्रिटनमध्ये ‘थाँग’ म्हणजे अगदी अरुंद अंतर्वस्त्र. मुळात जुन्या इंग्रजीत हा शब्द चामड्याच्या पट्टीसाठी होता, त्यामुळे कोल्हापुरीच्या अंगठ्याला तो अर्थाने चपखल बसतो. तरी रेडिंगमध्ये ‘लेदर सँडल्स’ असेच सांगावे.