गावच्या पाण्याचा ताळेबंद मुलांकडून मांडून घेता येतो

प्रश्न: मी खेड्यातल्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. पर्यावरण प्रकल्प म्हणजे मुलं चित्रं चिकटवलेली फाईल आणून देतात. गावातल्या पाण्यावर त्यांच्याकडून काही खरंखुरं काम करून घेता येईल का? सुरुवात कुठून करू, आणि गुण कशाला देऊ?

उत्तर: येईल. मी अहिल्यानगर जिल्ह्याच्या पर्जन्यछायेतल्या भागात शिकवतो. आमच्याकडे आठवी-नववीची मुलं गावच्या पाण्याचा ताळेबंद मांडतात: पाऊस किती पडला, त्यातला जमिनीत किती मुरला आणि तो कुठे खर्च होणार. हिवरे बाजार आमच्याच जिल्ह्यातलं. तिथे दरवर्षी पावसाळा संपला की असा हिशेब ग्रामसभेपुढे मांडून रब्बीची पिकं ठरवतात. ऊस आणि केळीला तिथे बंदी आहे, शेतीसाठी बोअर घ्यायलाही. ते सगळं शाळेला जमणार नाही, पण हिशेब जमतो. नववी-दहावीला जलसुरक्षा हा श्रेणीचा विषय आहेच, त्यामुळे तासिकेची परवानगी मागत फिरावं लागत नाही.

सुरुवात पर्जन्यमापकापासून करा. थंड पेयाची दोन लिटरची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापा आणि तोच उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. बाटलीचा तळ खाचाखोचांचा असतो. म्हणून सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत आधीच पाणी भरा आणि तिथे शून्याची खूण करा. त्याच्या वर पट्टी लावून मिलिमीटर मोजायचे. नरसाळ्याचं तोंड आणि बाटलीचा सरळ भाग सारख्याच रुंदीचे हवेत, नाहीतर आकडा खोटा येतो. जागा मोकळी हवी. झाड किंवा भिंत जेवढी उंच, निदान त्याच्या दुप्पट अंतरावर. हवामान खातं सकाळी साडेआठला नोंद घेतं, तीच वेळ आपण धरायची. रविवारची नोंद शाळेजवळ राहणाऱ्या मुलाकडे द्या. दोन बाटल्या दोन वस्त्यांवर ठेवल्या की बरं, कारण एका शिवारात पडलेला पाऊस पलीकडच्या वस्तीवर फिरकलेलाही नसतो.

महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचा आकडा फुकट मिळतो, मग ही खटपट कशाला, असं एक सहकारी म्हणाले होते. खटपट एवढ्यासाठी की 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला 1 लिटर, अर्थात हेक्टरी 10,000 लिटर, हे मुलाने रोज बाटलीकडे बघत शिकलेलं असतं. पुढचा सगळा हिशेब त्याच्यावर उभा आहे.

आता विहिरी. गावात चार-पाच विहिरी निवडा: एक ओढ्याकाठची, एक माळावरची, बाकी मधल्या. मालकाची परवानगी घ्या. कठडा नसलेल्या विहिरीजवळ मुलांना नेऊ नका, आणि शिक्षक किंवा पालक बरोबर असल्याशिवाय कोणीही जायचं नाही, हा नियम कडक ठेवा. कठड्यावर रंगाने एक खूण करा आणि नेहमी तिथूनच वजन बांधलेली टेप खाली सोडा. मे महिन्याच्या शेवटी एकदा, ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबल्यावर एकदा, मग जानेवारी आणि मार्चमध्ये. भूजल सर्वेक्षण यंत्रणाही आपल्या निरीक्षण विहिरी साधारण याच बेताने मोजते.

इथे बहुतेकांची फसगत वीज करते. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रभर मोटर चाललेली विहीर सकाळी मोजली तर पाणी खोल गेलेलं दिसतं, आणि मुलं लिहितात की भूजल घटलं. शेजारच्या विहिरीत काही बदल नाही आणि हिच्यात एकदम दीड-दोन मीटर फरक, असं दिसलं की मोटरच समजा. म्हणून वहीत खोलीच्या बाजूला एक रकाना ठेवा: मोटर किती वाजता बंद झाली. मोटर बंद असलेल्या वेळेची, विहीर पुन्हा भरून आल्यानंतरची नोंदच धरायची.

तिसरं काम मुलांना सगळ्यात आवडतं, ते म्हणजे पिकाच्या एका पाळीला किती पाणी लागतं ते मोजणं. पुस्तकातला तक्ता देऊ नका. 200 लिटरचं टिपाड मोटरच्या पाइपाखाली धरा आणि घड्याळ लावा. समजा 20 सेकंदांत भरलं, म्हणजे सेकंदाला 10 लिटर, तासाला 36,000. मग ज्याच्या घरी दारं धरायला जातात त्या मुलाने सांगायचं की एकर गहू भिजायला किती तास लागतात. 8 तास लागत असतील तर एका पाळीला 2 लाख 88 हजार लिटर. हा आकडा ऐकून वर्ग गप्प होतो. विहिरीतलं पाणी खाली गेलं की मोटरची धारही बारीक होते, म्हणून सुरुवातीला आणि शेवटी असं दोनदा टिपाड भरून सरासरी काढा. ठिबक असेल तर ते वेगळं मोजावं लागतं, एका लॅटरलचे ड्रिपर वाटीत धरून.

आता एक हिशेब करून दाखवतो. आकडे सोपे जावेत म्हणून गोल घेतले आहेत, तुम्ही तुमच्या गावचे घाला. गावाचं क्षेत्र 900 हेक्टर (तलाठ्याकडे मिळतं), वस्ती 1,500, गाई-म्हशी 600, पाऊस 500 मिलिमीटर. गावावर पडलं 450 कोटी लिटर. मुलं लगेच म्हणतात, मग टंचाई कशी? यातलं बरंचसं ओढ्याने वाहून जातं, बरंचसं मातीतून आणि पिकांतून हवेत उडतं. आपल्या काळ्या खडकात, म्हणजे झिजलेल्या बेसॉल्टमध्ये, भूजल मूल्यांकनाच्या सरकारी निकषांप्रमाणे पावसाचा साधारण 7 टक्के भाग विहिरींपर्यंत पोहोचतो. म्हणजे 31 कोटी 50 लाख लिटर. माणशी रोज 55 लिटर धरले तर वर्षाला 3 कोटी. गुरांना रोज 50 लिटरप्रमाणे सुमारे 1 कोटी 10 लाख. ओढ्यात झिरपून जाणारं म्हणून एक दशांश बाजूला ठेवा. शेतीसाठी उरलं साधारण 24 कोटी.

हे 24 कोटी कशाला पुरतात? वर मोजलेल्या पाळीने गव्हाला सहा पाळ्या दिल्या तर एकरी सव्वासतरा लाख, म्हणजे जेमतेम 140 एकर. हरभऱ्याला दोन पाळ्या धरल्या तर 400 एकरांच्या वर. उसाला एकरी 80 लाख धरले, तर गावाचं सगळं उरलेलं पाणी 30 एकरांत संपतं. गावाचं क्षेत्र आहे सव्वादोन हजार एकर. ‘पाणी जपून वापरा’ हे वाक्य मुलांनी पहिलीपासून फळ्यावर वाचलेलं असतं आणि त्यावरून त्यांना वाटत असतं की दात घासताना नळ बंद केला की झालं. गावाचं वर्षाचं पिण्याचं पाणी चार एकर उसाहून कमी भरतं, हे त्यांनी स्वतः भागाकार करून काढलं की नळाची गोष्ट त्यांची तीच जागेवर ठेवतात.

हे तपासायला दुसरी वाट आहे, ती सोडू नका. मे ते ऑक्टोबर विहिरींची पातळी सरासरी किती चढली ते घ्या. समजा 3 मीटर. झिजलेल्या बेसॉल्टमध्ये खडकाच्या शंभर भागांतले सुमारे 2 भागच उपसता येण्याजोगं पाणी असतं. 900 हेक्टर, 3 मीटर आणि 2 टक्के यांचा गुणाकार 54 कोटी लिटर येतो. आधीचं उत्तर साडेएकतीस. मुलं घाबरतात, कुठेतरी चुकलं म्हणतात, आणि हुशार मुलं तर हळूच आकडे जुळवायला बघतात. जुळवू देऊ नका. विहिरी माणसं पाणी लागेल तिथेच खोदतात, ओढ्याच्या अंगाने, सखल जागी. तिथे पातळी जास्त चढते. माळावर आणि डोंगरउतारावर ती तेवढी चढत नाही, आणि आपण मात्र तीच वाढ 900 हेक्टरांना लावली. हे कारण सांगण्याऐवजी मुलांना नकाशावर विहिरींच्या खुणा करायला लावा. बहुतेक वेळा कोणीतरी स्वतःच ते पकडतं. आणि 7 टक्के हाही एक सर्वसाधारण आकडा आहे, भेगाळ खडक असेल तर जास्त मुरतं. उत्तर एका आकड्यात देऊ नका, ‘तीस ते पन्नास कोटींच्या दरम्यान’ असं लिहायला शिकवा.

गावकऱ्यांकडून अडचण येते ती वेगळीच. पीक किती एकर, मोटर किती तास, हे विचारलं की शेतकऱ्याला वाटतं ही माहिती वरती जाणार. त्यामुळे नावानिशी आकडे लिहू नका. वस्तीवार बेरीज पुरते. फलकावर कोणाच्याही उसाचं नाव येता कामा नये. पोरांमुळे बापाची भावकीत कुरबुर झाली की पुढच्या वर्षी विहिरीवर कोणी उभं करत नाही.

फलक मांडायची वेळ 2 ऑक्टोबरची ग्रामसभा. ज्वारीची पेरणी चालू असते, पण गहू-हरभरा-कांद्याचा निर्णय व्हायचा असतो. पाऊस पूर्ण थांबलेला नसला तर तोवरचा हिशेब मांडा. लोक ऐकून पीक बदलतील अशी आशा धरू नका. उसाला कारखान्याचं हमखास गिऱ्हाईक आहे, हरभऱ्याचा भाव कोण सांगणार? आमच्याकडे एवढंच झालं की कोणाच्या बोअरला किती फुटांवर पाणी लागलं, याऐवजी यंदा किती मुरलं असा प्रश्न सभेत विचारला जाऊ लागला.

गुणांचं म्हणाल तर फाईलच्या सजावटीला शून्य ठेवा, ते आधीच जाहीर करा. नोंदवहीला गुण द्या, पण वही वाचून. घरी बसून लिहिलेल्या नोंदी ओळखू येतात: सगळे आकडे 5 नाहीतर 10 ने संपतात, कोरड्या दिवसांचा शून्य लिहिलेला नसतो, आणि दोन वस्त्यांवरच्या बाटल्या महिनाभर मिलिमीटरचाही फरक दाखवत नाहीत. चुकलेली, राहून गेलेली नोंद ‘घेतली नाही’ असं लिहिली असेल तर गुण कापू नका, नाहीतर पुढच्या वेळी ती खोटी भरली जाईल. सगळ्यात जास्त गुण मी तोंडी परीक्षेला ठेवतो आणि एकच विचारतो: तुझी दोन उत्तरं का जुळली नाहीत? आणि वही मुलाला घरी देऊ नका, शाळेच्या कपाटात ठेवा. पुढच्या वर्षीच्या वर्गाला मे महिन्याची पातळी तिच्यातूनच घ्यायची आहे.