मीटिंगला कॅप्शन्स आणि शांत जागा: मॅनेजरला मेल कसा लिहायचा

प्रश्न: दोन्ही कानांना मशीन आहे. टीम्सवरच्या मीटिंगमध्ये अर्धं सुटतं आणि सीट पॅन्ट्रीच्या दाराशी. मॅनेजर मॅडमना लेटर लिहायचंय पण रडगाणं वाटायला नको. कसं लिहू?

उत्तर: मीपण मशीनवालीच. कानाबद्दल एक ओळ पुरे, बाकी मेल काम कुठे अडतं आणि नेमकं काय हवंय यावर लिहा. ऑडिओग्राम वगैरे मॅडमना जोडू नका, कागद लागले तर एचआर मागेल.

आता कॅप्शन्स. टीम्समध्ये लाइव्ह कॅप्शन्स बहुतेक वेळा आपली आपणच चालू करता येतात, त्यामुळे "कॅप्शन्स द्या" एवढंच लिहिलंत तर "अहो, आहेत की" असं उत्तर येईल आणि विषय संपेल. खरी गोची कॉन्फरन्स रूमची असते, सहा जण एका स्पीकरफोनभोवती बसतात, लांबच्याचा आवाज माइकपर्यंत धड पोचत नाही आणि दोघं एकदम बोलले की कॅप्शनमध्ये खिचडी. भाषेचंही तसंच, सेटिंग इंग्रजी आणि बोलणं मधेच मराठी-हिंदीत घसरलं की स्क्रीनवर काहीच्या काही उमटतं. म्हणून जे दुसऱ्यांनी करायचंय ते मागा. साधारण असं:

"मॅडम, मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, मी मशीन वापरते. समोरासमोर अडत नाही, पण रूममधल्या कॉलवर लांबून बोललेलं सुटतं आणि नंतर परत विचारावं लागतं. पुढचा एक महिना असं करून बघता येईल का: रूममधल्यांनी बोलणाऱ्याजवळ माइक सरकवावा, एका वेळी एकानेच बोलावं, आणि ठरलेली कामं, आकडे व तारखा चॅटमध्ये टाकाव्यात, कारण कॅप्शनमध्ये नेमके तेच चुकतात. शिवाय पॅन्ट्रीजवळच्या सीटऐवजी भिंतीला पाठ येईल अशी कोपऱ्यातली सीट मिळावी."

भिंतीला पाठ का? बऱ्याच मशीनचे माइक समोरचा आवाज उचलून धरतात आणि मागचा दाबतात, पण मागे पॅन्ट्री असली की भांड्यांचा खणखणाट तरीही घुसतोच. पण सीट सुचवण्याआधी जेवणाच्या सुट्टीत तिथे बसून बघा, डोक्यावर एसीचा झोत असेल तर आगीतून फुफाट्यात. आणि समोरच्याच्या मागे खिडकी नको, चेहरा अंधारात गेला की ओठ वाचता येत नाहीत. "शांत" म्हणजे एकटी केबिन नाही हेही मेलमध्ये लिहा, नाहीतर टीमपासून लांब कुठेतरी बसवतील.

कायदा पहिल्या मेलमध्ये आणू नका. टाळाटाळ झाली तर एचआरला विचारा की 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे कंपनीचं समान संधी धोरण कुठे आहे, ते खाजगी कंपनीलाही करावं लागतं.

आधी तोंडी बोललात तरी त्याच दिवशी मेल टाका. मॅडम बदलल्या तर नव्या माणसाला तोच फॉरवर्ड करता येतो.