कॉन्फिडन्स इंटरव्हल एकमेकांत घुसतात, तरी फरक लक्षणीय कसा?

*मुगाच्या रोपांचे दोन गट, प्रत्येकी 10 रोपं. उंचीचे 95% कॉन्फिडन्स इंटरव्हल आले 47.74 ते 52.26 मिमी आणि 51.24 ते 55.76 मिमी. दोन्ही एकमेकांत घुसतात म्हणून ‘फरक लक्षणीय नाही’ असं रिपोर्टात लिहिलं, तर सरांनी त्यावर लाल गोल केला. माझं काय चुकलं?*

तुमच्याच आकड्यांवरून पाहू. सरासरी 50 आणि 53.5, म्हणजे फरक 3.5 मिमी. प्रत्येक इंटरव्हल सरासरीच्या दोन्ही बाजूंना 2.26 पसरलाय. 10 रोपांसाठी t ची किंमत 2.262 असते, तेव्हा प्रत्येक सरासरीची स्टँडर्ड एरर 1 मिमी.

आता फरकाची स्टँडर्ड एरर काढा. इथेच गडबड होते. दोन एरर सरळ मिळवायच्या नसतात, त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचं: √(1² + 1²) = 1.41. गट स्वतंत्र असल्यामुळे एकाची सरासरी योगायोगाने खूप वर आणि त्याच वेळी दुसऱ्याची खूप खाली, असं क्वचितच घडतं. इंटरव्हल शेजारी ठेवून टोकं जुळवताना मात्र आपण नकळत तेच धरून चालतो.

18 डिग्रीज ऑफ फ्रीडमला t ची किंमत 2.101, म्हणून फरक लक्षणीय ठरायला 2.101 × 1.41, म्हणजे सुमारे 2.97 मिमी पुरतात. इंटरव्हल पूर्ण सुटे दिसायला मात्र 2.26 + 2.26 = 4.52 मिमी लागतात. तुमचा 3.5 नेमका या दोहोंच्या मध्ये पडला. फरकाचा इंटरव्हल 0.53 ते 6.47 येतो, त्यात शून्य नाही, आणि p सुमारे 0.02.

उलट दिशेने हा नियम चालतो: स्वतंत्र गटांचे 95% इंटरव्हल सुटे असतील तर 5% पातळीवर फरक लक्षणीय असतोच. एका गटाची सरासरीच दुसऱ्याच्या इंटरव्हलमध्ये पडली, आणि दोन्ही एरर साधारण सारख्या असतील, तर फरक लक्षणीय नाही हेही बिनधास्त म्हणा. अडचण फक्त मधल्या पट्ट्यात.

आलेखावरच्या दांड्या कसल्या आहेत हेही तपासा. त्या स्टँडर्ड एररच्या असतील तर गणित उलटं होतं: दांड्या सुटल्या तरी फरक लक्षणीय असेलच असं नाही. तुमच्या रोपांत त्या 2 मिमीच्या फरकालाच सुट्या होतील, आणि लागतात तर 2.97.

एक्सेलमध्ये p असा मिळेल:

```
=T.TEST(A1:A10,B1:B10,2,3)
```

शेवटचा 3 म्हणजे दोन गटांचा व्हेरिअन्स वेगळा असू शकतो असं धरणं. त्याच रोपांची आधी-नंतर मोजणी असेल तर तिथे 1 घाला. मग दोन वेगळ्या इंटरव्हलची तुलना मुळातच निरुपयोगी, कारण जोडीतला संबंध त्यांत दिसतच नाही.

रिपोर्टात असं लिहा: ‘सरासरी फरक 3.5 मिमी, 95% कॉन्फिडन्स इंटरव्हल 0.5 ते 6.5’.