लहान फ्लॅटसाठीच्या छोट्या किचन अप्लायन्सेसची मालिका काढतोय. शेल्फवर आणि खोक्यावर शोभेल असं छोटं नाव कसं ठरवावं?

आधी खोक्याची सगळ्यात अरुंद बाजू मोजा, नावाचा विचार त्यानंतर करा. मी पॅकेजिंग डिझाइन करतो, आणि हेच मी एका मीटिंगमध्ये तीनदा सांगितलं होतं. कुणी मनावर घेतलं नाही.

तेव्हा मालिकेत तीन वस्तू होत्या: ब्लेंडर, किटली आणि टोस्टर. मार्केटिंगच्या साहेबांना नाव हवं होतं 'मिनीकिचनमेट'. नाव वाचल्यावर वस्तू कळली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. स्क्रीनवर खोक्याची पुढची बाजू दाखवली, सगळ्यांनी माना डोलावल्या. पण दुकानात खोकी पुढची बाजू दाखवत बसत नाहीत. जागा वाचवायला ती कडेने लावतात, आणि गिऱ्हाइकाला दिसते ती कडेची पट्टी. आमची पट्टी १४ सेंटीमीटरची होती. दोन्हीकडे दीड-दीड सेंटीमीटर मोकळं सोडलं की ११ उरले. त्या नावाची रोमन लिपीत १५ अक्षरं होतात, म्हणजे एका अक्षराच्या वाट्याला सात मिलिमीटर. ठळक टाइपात अक्षराची रुंदी उंचीच्या साधारण ७० टक्के असते, तेव्हा उंची आली जेमतेम १० मिलिमीटर. तीन मीटरवरून सहज वाचता यायला निदान २५ लागतात. चार अक्षरांचं नाव त्याच पट्टीवर ३५च्या पुढे जातं. हा हिशेब मी कागदावर मांडून दाखवला, तर उत्तर मिळालं, "मग नाव उभं फिरवून छापा."

तसंच छापलं. मान वाकडी करून खोकं वाचायला कोण थांबतं? दुकानातली मुलं त्या ब्लेंडरला 'तो छोटा पांढरा' म्हणायची. नाव कुणाच्याच तोंडी आलं नाही, आणि पुढच्या खेपेला सगळी खोकी नव्याने छापावी लागली.

मी सुचवलेलं नाव होतं 'मावू', 'मावणे'वरून. रोमनमध्ये चार अक्षरं. आधी मी 'मावे' म्हणत होतो, पण MAVE लिहिलं की निम्मे लोक 'मेव्ह' वाचतात, म्हणून शेवट बदलला. साहेब म्हणाले, यातून ब्लेंडर कसा कळणार? अहो, ब्लेंडर हा शब्द खाली आहेच की! मालिकेचं नाव एकच ठेवायचं आणि त्याखाली वस्तूचं साधं नाव: मावू ब्लेंडर, मावू किटली. काय आहे ते सांगायचं काम त्या दुसऱ्या शब्दाचं. प्रत्येक वस्तूला वेगळं गोंडस नाव दिलंत तर तीन खोकी शेजारी ठेवूनही ती एकाच घरातली वाटत नाहीत.

'मिनी', 'कॉम्पॅक्ट', 'स्मार्ट' हे शब्द नावात घालूच नका. उद्या त्याच मालिकेत मोठं भांडं आणायचं झालं की 'मिनी' गळ्यात अडकतं. शिवाय वस्तूचं नुसतं वर्णन करणारा शब्द ट्रेडमार्क म्हणून मिळणं अवघड असतं. आमच्या अर्जावर नेमका हाच आक्षेप आला. त्यात अर्ज एकाच वर्गात केलेला. मोटरवर चालणारा ब्लेंडर वर्ग ७मध्ये येतो, तापणारी किटली आणि टोस्टर वर्ग ११मध्ये, आणि हाताने चालवायची भांडी-अवजारं २१मध्ये. मालिका असेल तर नावाचा शोध या तिन्ही वर्गांत घ्या, आणि नुसतं स्पेलिंग बघू नका, उच्चारही बघा. ऐकायला सारखं वाटणारं नावसुद्धा आड येतं.

देवनागरीतही छापणार असाल तर वेलांटी, मात्रा आणि उकार जागा खातात, आणि मधलं अक्षर बारीक करावं लागतं. 'मावू'चा खालचा ऊकार मलाही नडला असता, हे कबूल करतो.

विक्री मुख्यतः ऑनलाइन असेल तर कडेच्या पट्टीचं महत्त्व कमी होतं. तरी मोबाइलवर खोक्याचं चित्र नखाएवढंच दिसतं, तेव्हा लांब नाव तिथेही मरतं. साहेबांचा मुद्दा एका बाबतीत खरा होता: जाहिरातीला पैसे नसतील तर वस्तूचं साधं नाव ठळक छापावं लागतं. पण ते मालिकेच्या नावाखाली, नावात कोंबून नाही.

तुमच्याकडे दोन-तीन नावं असतील तर ती खऱ्या मापात छापून रिकाम्या खोक्याच्या कडेला चिकटवा आणि तीन मीटर मागे जा. मग तीच नावं फोनवरून पाच जणांना सांगा आणि लिहून घ्यायला लावा. दोघांनी चुकीचं लिहिलं तर ते नाव सोडा, तुम्हाला कितीही आवडलेलं असलं तरी.