सीडीएनवर पर्ज मारूनही जर्मनीतल्या ग्राहकांना जुन्याच किमती दिसतात, पुण्यातून मात्र सगळं नीट दिसतं. सीडीएन बदलावा का?

नाही. बदललात तर नव्या सीडीएनवरही हेच होईल.

पुण्यातून दिसतं ते तुमच्या जवळच्या एजवरचं, म्हणजे सीडीएनच्या स्थानिक सर्व्हरवरचं, बहुधा मुंबईचं. फ्रँकफर्टच्या एजवर त्याच पानाची वेगळी प्रत असते, म्हणून "माझ्याकडे तर दिसतंय" याला काहीच अर्थ नाही. तिथल्या ग्राहकाला ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमधून रिस्पॉन्स हेडर पाठवायला सांगा. क्लाउडफ्लेअर असेल तर `cf-ray` च्या शेवटी एजच्या शहराचा विमानतळ-कोड असतो (FRA, BOM), क्लाउडफ्रंट असेल तर तो `x-amz-cf-pop` मध्ये सापडतो. पण खरा साक्षीदार `age`. ही प्रत ओरिजिनकडून, म्हणजे तुमच्या मूळ सर्व्हरकडून, येऊन किती सेकंद झाले, ते तो सांगतो.

आमचा एक क्लायंट परदेशात फराळ पाठवायचा. ऐन दिवाळीच्या तोंडावर किमती वाढवल्या, रात्री साडेदहाच्या सुमारास डिप्लॉय, पाठोपाठ पर्ज. दुसऱ्या दिवशी जर्मनीतून तक्रारी, काहींना जुन्या किमती, काहींना कोरं पान. सिडनीला सगळं ठीक. मॅनेजरसाहेबांचा निकाल तयार होता: सीडीएन भिकार आहे, "पर्ज एव्हरीथिंग" पुन्हा दाबा. दुपारी 1:31 ला फ्रँकफर्टचे हेडर हातात आले:

```
cache-control: max-age=86400
age: 54060
```

54060 सेकंद म्हणजे 15 तास 1 मिनिट. मागे मोजा, रात्रीचे साडेदहा. म्हणजे जुनी प्रत पर्जमधून वाचली नव्हती, पर्ज झाल्यावर नव्याने भरली गेली होती! लॉगमध्ये पर्ज 10:29 चा, आणि लोड बॅलन्सरमागचा दुसरा सर्व्हर नव्या कोडवर आला 10:34 ला. त्या पाच मिनिटांत फ्रँकफर्टने पान मागितलं आणि नेमकं जुन्या सर्व्हरने ते दिलं. आपल्याकडे रात्र, म्हणून निवांत वेळ, असं आम्ही धरून चाललो होतो. जर्मनीत तेव्हा संध्याकाळ, लोक ऑर्डरी टाकत होते. सिडनीत पहाट होती, तिथे पहिली मागणी आली तोवर दोन्ही सर्व्हर नवे झाले होते.

कोऱ्या पानाचं कारणही त्यातच होतं. जुन्या एचटीएमएलमध्ये `app.3f9c.js` चं नाव होतं आणि डिप्लॉयने ती फाइल ओरिजिनवरून पुसली होती. ज्याच्या ब्राउझरमध्ये ती आधीची होती त्याला जुनी किंमत दिसली, नवख्याला 404.

म्हणून पर्ज सगळ्यात शेवटी, सगळे सर्व्हर नवे झाल्याची खात्री करून. जुन्या जेएस-सीएसएस फाइली निदान आठवडाभर राहू द्या. जागा ती किती लागते?

आता `max-age=86400` चं. हा आकडा ब्राउझरलाही लागू होतो, आणि ग्राहकाच्या ब्राउझरपर्यंत तुमचा पर्ज पोचत नाही. कुठल्याच सीडीएनचा पोचत नाही. एज रिकामा केलात तरी त्याचा ब्राउझर ते 86400 सेकंद, म्हणजे चोवीस तास, संपेपर्यंत काही विचारायलाच येणार नाही. हे मी त्या डिप्लॉयच्या आधी मेलवर लिहिलं होतं, उत्तर आलं "साइट स्लो होईल". होत नाही. एचटीएमएलला हे द्या:

```
Cache-Control: max-age=0, s-maxage=300
```

`s-maxage` फक्त एजसारख्या सामायिक कॅशसाठी असतो. ब्राउझर दर वेळी विचारतो, पण जवळच्या एजला. पान बदललं नसेल आणि `ETag` असेल तर 304 वर, म्हणजे "बदल नाही" एवढ्या उत्तरावर, भागतं. पर्ज चुकला तरी एजवरची प्रत पाच मिनिटांत शिळी होते. `app.3f9c.js` सारख्या, नावात हॅश असलेल्या फाइलींना मात्र बिनधास्त वर्षभर:

```
Cache-Control: max-age=31536000, immutable
```

मजकूर बदलला की नाव बदलतं, त्यामुळे त्यांना पर्ज लागतच नाही. "पर्ज एव्हरीथिंग" दाबलं की फोटो-फॉन्टसुद्धा उडतात आणि सगळ्या देशांची गर्दी एकदम ओरिजिनवर येते. आमच्याकडे साहेबांनी तेही करून पाहिलं, भर दुपारी. चेकआउट वीस-एक मिनिटं अडकला, आणि वर मलाच विचारणा की सर्व्हर लहान का घेतला. बदललेल्या पानांचेच पत्ते पर्ज करा, तेवढं पुरतं.

एक राहिलं. वरचा `s-maxage` लॉगिन, कार्ट, ऑर्डर असल्या पानांना चुकूनही लावू नका, एकाची कार्ट दुसऱ्याला दिसेल, तिथे `private, no-store`. आणि तुमचा सीडीएन ओरिजिनचे हेडर पाळतो की डॅशबोर्डवरचा टीटीएल, म्हणजे प्रत ठेवायची मुदत, त्यावर चढतो, ते आधी बघून घ्या. टीटीएल चढत असेल तर वरचं सगळं लिहूनही `age` तीनशेच्या पुढे पळताना दिसेल.