डीएफएसचा मेझ आणि भिंतीला धरून चालणं

प्रश्न: डीएफएसने, म्हणजे आधी खोलवर जाणाऱ्या शोधाने, बनवलेल्या मेझमध्ये भिंतीला धरून चालणारा रोबो शेवटापर्यंत हमखास पोहोचतो ना? माझा तर गोल गोल फिरतोय!

उत्तर: हमखास पोहोचतो, फिरत राहिला तर चूक बहुधा मेझ बनवताना झालीय. डीएफएस फक्त न पाहिलेल्या घराकडची भिंत पाडतो, म्हणून १० × १० च्या मेझमध्ये आतल्या १८० भिंतींपैकी नेमक्या ९९ पडतात आणि कुठेच वळसा उरत नाही. पाडलेल्या भिंती मोजा. शंभर किंवा जास्त भरल्या, तर न पाहिलेल्या शेजारी घरांची यादी आधीच करून ठेवली असणार आणि मधल्या काळात ती जुनी झाली असणार. `visited` भिंत पाडण्याच्या क्षणी पुन्हा तपासा. मात्र रोबोची वाट सर्वांत छोटी नसते. जाऊन परत आलेली घरं वगळली की खरा मार्ग उरतो.