चिकटवलेला मजकूर टर्मिनलचा की चॅटचा?

प्रश्न: कुणीतरी कमांड आणि तिचं आउटपुट पाठवलंय. ते थेट टर्मिनलमधून कॉपी केलंय की चॅट विंडोतून आलंय, कसं ओळखायचं?

सगळ्यात आधी जोडरेघ बघा. बऱ्याच चॅट ॲपमध्ये किंवा फोनच्या कीबोर्डवर दोन `-` आपोआप एक लांब रेघ होतात. उदाहरणार्थ:

```
$ git commit —amend
```

ही ओळ खरंच अशी चालवली असती, तर `git` ने `—amend` ला फाइलचं नाव समजून `pathspec` ची एरर दिली असती. खाली यशस्वी कमिटचं आउटपुट असेल, तर कमांड बरोबरच दिली होती, रेघ नंतर वाटेत बदलली. म्हणजे मजकूर चॅटसारख्या ठिकाणाहून फिरून आलाय.

मग मोकळ्या जागा. `ls -l` मध्ये आकड्यांचा रकाना उजवीकडे जुळलेला असतो, लहान आकड्याआधी जास्त स्पेस असतात. तिथे सगळीकडे एकच स्पेस उरली असेल तर मधल्या खिडकीने त्या गिळल्या. हे समान रुंदीच्या फॉन्टमध्येच तपासा, नाहीतर डोळा फसतो.

शंका राहिली तर मजकूर फाइलमध्ये ठेवून लिनक्सवर पाहा:

```
cat -A log.txt
```

लांब रेघ `M-bM-^@M-^T` अशी दिसेल. मात्र चॅटमधल्या कोड ब्लॉकमध्ये यातलं सहसा काहीच बदलत नाही, तिथे या खुणा मिळणार नाहीत.